१८ वर अडकलोय: विसावा माणूस घेतला तर नेमकं काय होतं?

शिरोलीकर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला हिशोब आज इथे मांडतोय. चुकत असेन तर दुरुस्त करा.

शिरोली एमआयडीसीत आमचा मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीन करून देतो. वडिलांनी एका लेथवर सुरू केलं, आज १८ माणसं आहेत. दिवाळीनंतर नवीन व्हीएमसी मशीन घेतली. ती दोन पाळ्यांत चालली तरच हप्ता निघतो, म्हणून तीन ऑपरेटर हवेत. कामाच्या ऑर्डरी आहेत आणि पोरंही यायला तयार आहेत. तरी मी थांबलोय, कारण १८ अधिक ३ म्हणजे २१, आणि २० झाले की पीएफ लागू होतो. १० च्या वर असल्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आधीपासून भरतोच.

आमच्याकडे ऑपरेटरला १८,००० देतो: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, घरभाडे ३,०००. आज त्याच्या हातात १७,६६५ पडतात (ईएसआयचे १३५ आणि व्यवसाय कराचे २०० जातात). मला तो १८,५८५ ला पडतो. म्हणजे फरक हजाराच्या आत.

पीएफ लागू झाला की त्याचे १,८०० कापायचे, माझे १,८०० घालायचे, वर विमा आणि प्रशासकीय खर्चाचे १५०. मग मला तो २०,५३५ ला पडणार आणि त्याच्या हातात १५,८६५ येणार. मधले ४,६७० दोघांनाही दिसत नाहीत. माझ्या खर्चाच्या प्रत्येक १०० रुपयांतले जवळपास २३ वाटेतच थांबतात.

जुने १८ जण मला सरळ विचारणार, "मालक, पगार कमी का केला?" त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. दोन हजारांवर घरभाडं, गॅस, पोराची फी ठरलेली असते.

अशा वेळी तुम्ही काय केलंत? खरंच अनुभव हवा आहे.

---

भाऊसाहेब_निफाड

दादा, मला हे कळलं नाही. आता वर्षाला १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य झालाय ना? १८ हजारवाल्याला कसला कर? तुमच्या सीएने चुकीचं सांगितलं असेल. एकदा दुसऱ्याला विचारून बघा.

---

शिरोलीकर

भाऊसाहेब, इन्कम टॅक्सचा इथे एक रुपयाही नाही, ते बरोबर आहे. वरच्या आकड्यांत पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर एवढंच आहे. पण मी दिलेले आणि त्याला मिळालेले यांतला फरक कशामुळे पडला यापेक्षा तो पडतो, हा माझा प्रश्न आहे.

---

लघुउद्योजक

सोपा उपाय आहे. बायकोच्या किंवा भावाच्या नावावर दुसरी फर्म काढा, नवीन मशीन तिच्यात दाखवा. १८ इकडे, ३ तिकडे. आमच्या भागात निम्मे लोक असंच करतात. नाहीतर तिघांना ठेकेदारामार्फत घ्या, म्हणजे ते तुमच्या मोजणीतच येत नाहीत. २० ची अट फक्त स्वतःच्या मस्टरवरच्या माणसांसाठी असते.

---

पगारपत्रक

मी पुण्यात गेली २२ वर्षं छोट्या कारखान्यांचे पगार आणि पीएफ-ईएसआय बघते. लघुउद्योजक यांचा सल्ला आधी बाजूला काढते, कारण याच सल्ल्यावर चाललेले लोक नंतर माझ्याकडे येतात.

ठेकेदाराची माणसं मोजणीत येतात. तुमच्या शेडमध्ये, तुमच्या कामावर असलेला माणूस कोणाच्याही मस्टरवर असो, २० च्या मोजणीत तो धरतात. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ती जबाबदारीही मूळ मालकावर येते. शिवाय ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. तो तुम्हाला परत वळता करता येईल, पण त्याचं कमिशन नाही.

दुसऱ्या फर्मचं म्हणाल, तर पीएफ कार्यालय नाव बघत नाही. जागा एक आहे का, वीज मीटर एक आहे का, माल इकडून तिकडे बिलाशिवाय जातो का, पैसा एकाच खात्यातून फिरतो का, सुपरवायझर तोच आहे का, हे बघतात. उत्तरं "हो" आली की दोन्ही एकच आस्थापना धरून चौकशी लागते, आणि वसुली मागच्या तारखेपासून होते.

मागची वसुली किती महाग पडते ते बघा. मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही. तोही मालकानेच भरायचा. म्हणजे १५,००० वर १२ अधिक १२ अधिक १, दर माणशी दर महिना ३,७५०. २० माणसं, दोन वर्षं, झाले १८ लाख. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वेगळा दंड महिन्याला १ टक्का. माझ्या एका ग्राहकाने यात मशीन विकलं. तेव्हा तो रस्ता नको.

शिरोलीकर, तुमचे आकडे बरोबर आहेत. फक्त "मधले ४,६७० दोघांनाही दिसत नाहीत" इथे मी थांबवते. ते पैसे कुठे जातात ते एकदा पाहू या. २,३५० त्या ऑपरेटरच्या स्वतःच्या पीएफ खात्यात जमा होतात: त्याचे पूर्ण १,८०० आणि तुमच्या हिश्श्यातले ५५०. तुमच्या हिश्श्यातले उरलेले १,२५० पेन्शन योजनेत जातात. ७२० ईएसआयला. १५० विमा आणि प्रशासन, ज्यातून तो नोकरीत असताना गेला तर घरच्यांना अडीच ते सात लाख मिळतात. आणि २०० व्यवसाय कर. यातला निव्वळ कर म्हणावा असा तो शेवटचा २०० च आहे. (ऑपरेटर मुलगी असेल तर २५,००० पगारापर्यंत तोही नाही.)

---

ओम_सीएनसी

ताई, तुमचा मान ठेवून बोलतो. मी स्वतः ऑपरेटर आहे, वय २६. चार कंपन्या बदलल्या. चारही ठिकाणी पीएफ कापला. दोन ठिकाणचा जुन्या नंबरावर आहे, आधारवर नाव वेगळं, तिथे जन्मतारीख वेगळी. सहा महिने हेलपाटे घातले, अजून निघाला नाही. माझ्या दृष्टीने ते २,३५० माझे नाहीतच.

पेन्शनचे १,२५० म्हणता, तर दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन सुरूच होत नाही, आणि मिळणार ५८ व्या वर्षी. माझ्या वयाच्या पोराला विचारा, हातात १,८०० हवे की ५८ ला पेन्शन. आम्ही सगळे "हातात किती?" एवढंच विचारतो, कारण खोलीमालक तेवढंच विचारतो.

---

रानजाई

ओमदादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण दुसरी बाजू सांगते. माझे मिस्टर नाशिकला अंबडमध्ये फिटर आहेत. आमच्या मुलाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ऑपरेशन ईएसआयमधून झालं, आमच्या खिशातून औषधाचासुद्धा खर्च झाला नाही. महिन्याला दीडशे रुपये कापले जायचे त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही.

आता प्रश्न वेगळाच उभा राहिलाय. त्यांचा पगार २०,८०० आहे. कंपनी एप्रिलपासून २१,६०० करते म्हणाली. २१,००० च्या वर गेलं की ईएसआय बंद. मुलाची दर सहा महिन्यांनी तपासणी असते. ८०० रुपयांसाठी ते सोडायचं का? मिस्टरांनी साहेबांना सांगितलं, पगारवाढ नको. साहेबांना वाटलं ते रागावले आहेत. पगार वाढला म्हणून घर अडचणीत येतं, हे मी कोणाला समजावून सांगू?

---

पगारपत्रक

रानजाईताई, वाढ नाकारू नका. ती १ एप्रिलऐवजी १ मेपासून लागू करून मागा. ईएसआयचा हिशोब एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहामाही चालतो. सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेच्या वर गेला तर वर्गणी सहामाही संपेपर्यंत चालूच राहते. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. म्हणजे एका महिन्याच्या ८०० रुपयांच्या बदल्यात पुढच्या जूनपर्यंतची सोय होते. मालकालाही यात काही अडचण नसते, फक्त पत्रावरची तारीख बदलायची. त्या मुदतीत मुलासाठी दुसरा आरोग्य विमा बघून ठेवा. आधीपासूनचा आजार असल्याने प्रतीक्षाकाळ असेल, म्हणून आजच सुरुवात करा.

आणि ओव्हरटाइममुळे २१,००० ओलांडले तर घाबरू नका. मर्यादेत बसतो की नाही हे ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. वर्गणी मात्र त्यावरही कापतात.

ओम, तुझं म्हणणं मी खोडणार नाही. आधार आणि जुन्या नंबरातल्या चुकांनी मुलांचे पैसे अडकलेले मी रोज बघते. संयुक्त घोषणापत्र भरून जन्मतारीख दुरुस्त होते, पण बऱ्याचदा जुन्या मालकाची सही लागते आणि तो कारखाना बंद असेल तर वेळ जातो.

---

खडूफळा

सांगलीत कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. ओम आणि रानजाई यांच्या दोन पोस्टींत या विषयाचं मर्म आलंय, म्हणून लिहितो.

मालक देतो आणि कामगार घेतो यांच्यामधल्या अंतराला आम्ही पाचर म्हणतो. लाकडात पाचर किती खोल जाते ते नुसत्या तिच्या जाडीवर ठरत नाही, लाकूड कसं आहे त्यावरही ठरतं. कापलेल्या पैशाला कामगार स्वतःचा मानत असेल तर तो कमी हातपगारावर यायला तयार होतो. मग मालकाचा एकूण खर्च फारसा वाढत नाही आणि भरतीही थांबत नाही. रानजाईंच्या घरात ईएसआयची पाचर जवळपास शून्य आहे, उलट ते वाढ सोडून ती टिकवू पाहतात. ओमला मात्र पीएफचा प्रत्येक रुपया गेल्यासारखा वाटतो, म्हणून तो पूर्ण हातपगार मागणार आणि सगळा भार मालकावर येणार. कायदा एकच, दरही तेच, पण दोन ठिकाणी परिणाम अगदी वेगळा.

जगात दोन्ही घडलेलं आहे. चिलीत १९८१ मध्ये पेन्शनची पद्धत बदलली आणि मालकांवरचा भार मोठ्या प्रमाणात उतरला. तेव्हा मालकांचा वाचलेला पैसा जवळपास सगळा पगारवाढीत गेला, रोजगार फारसा हलला नाही. कोलंबियात १९९३ नंतर उलट झालं. मालकांवरचा भार वाढला, पगार थोडेच खाली आले आणि नोंदणीकृत नोकऱ्या कमी झाल्या. १० टक्के भार वाढला की अशा नोकऱ्या ४ ते ५ टक्के घटल्या, असं तिथल्या कारखान्यांच्या अभ्यासात दिसलं. किमान वेतन तिथे इतकं वर होतं की पगार खाली सरकायला जागाच नव्हती. भाराला पगारातून वाट मिळाली नाही, की तो भरतीवर उतरतो.

तेव्हा शिरोलीकरांचा प्रश्न मी असा विचारेन: तुमचे १८,००० किमान वेतनाच्या किती वर आहेत? अंतर असेल तर हा भार हळूहळू पुढच्या पगारवाढींमधून वाटला जाईल. अंतर नसेल तर तो सगळा तुमच्यावर राहील.

---

ओम_सीएनसी

सर, "पगारवाढींमधून वाटला जाईल" म्हणजे आमची वाढ थांबणार, असंच ना? मग तसं सरळ म्हणा. मालकाचा हिस्सा म्हणून जे लिहिलंय ते दोन वर्षांनी आमच्याच खिशातून गेलेलं असतं.

---

खडूफळा

हो, बऱ्याच अंशी तसंच होतं. कागदावर हिस्सा कोणाच्या नावावर आहे आणि शेवटी तो कोण सोसतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाचा हिस्सा चालू पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्य आहे. पण जी वाढ द्यायचीच राहिली ती कोणत्याच कायद्याला दिसत नाही.

---

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. मूळचा इचलकरंजीचा, त्यामुळे धागा आवडीने वाचतोय.

इथे सरासरी पगारावरच्या एकट्या माणसासाठी मालकाच्या १०० युरो खर्चातले जवळपास ४८ कर आणि सामाजिक विम्यात जातात. तरी लोक नोकऱ्या देतात. तुमचे २३ मला कमी वाटले. पण शिरोलीकरांना त्रास होतोय तो २३ मुळे नाही, २० व्या माणसाच्या पायरीमुळे. ते माझ्या घरात घडलेलं आहे.

बायको सुरुवातीला बेकरीत 'मिनीजॉब'वर होती. त्यात महिन्याला ठराविक रकमेपर्यंत (२०२५ मध्ये ती ५५६ युरो होती) कमावलं तर कामगाराच्या हातातून फारसं काही जात नाही. बेकरीवाली चांगली होती, म्हणाली, आणखी दोन दिवस ये. हिशोब केला. मर्यादा ओलांडली की तिचे स्वतःचे विम्याचे हप्ते सुरू होणार, आणि माझ्याबरोबरच्या कर-वर्गात तिचा पगार जास्त कापला जाणार. दोन दिवसांच्या कामाचे हातात फार थोडे वाढणार. तिने नाही म्हटलं. बेकरीवालीने आणखी एक मिनीजॉबवाली घेतली. एका बाईचं काम दोघींत वाटलं गेलं आणि दोघींनाही पूर्ण नोकरी नाही.

तीन वर्षांनी भाषा पक्की झाल्यावर ती दुसरीकडे पूर्णवेळ लागली. तेव्हा ४८ असूनही काही वाटलं नाही, कारण मध्ये पायरी नव्हती.

---

शिरोलीकर

नेकारकाठ, नेमकं हेच. काल रात्री बसून पूर्ण आकडे मांडले. ताई, तपासा.

तिघे नवीन: ३ × १८,५८५ = ५५,७५५.
सगळ्या २१ जणांचा माझा पीएफ हिस्सा, प्रत्येकी १,९५०: ४०,९५०.
जुन्या १८ जणांचा हातपगार कमी होऊ नये म्हणून प्रत्येकी १,८०० वाढ: ३२,४००, आणि त्यावर ईएसआय साधारण १,०५३.

एकूण १,३०,१५८. म्हणजे एक नवीन माणूस मला ४३ हजारांना पडतो. पीएफ आधीच लागू असता तर हेच तिघे ६१,६०५ ला आले असते.

आता दुसरा रस्ता. तिघांचं काम म्हणजे महिन्याला ६२४ तास. ते १८ जणांना ओव्हरटाइमने दिलं तर दुप्पट दराने तासाला १७३ रुपये, ईएसआय धरून १,११,५०० च्या आसपास. ओव्हरटाइमवर पीएफ नाही. म्हणजे तीन पोरांना नोकरी देण्यापेक्षा जुन्यांना दुप्पट पैसे देऊन राबवणं मला १८-१९ हजारांनी स्वस्त पडतं!

हे मी केलंय. गेले तीन महिने हेच चाललंय. प्रत्येकाला महिन्याला ३५ तास जादा. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. आता रात्री नऊनंतरच्या कामात रिजेक्शन दिसायला लागलं. बोअर मोठा होतो, टूल बदलायचं राहून जातं. मागच्या आठवड्यात एकाच्या बोटाला लागलं, थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून मला झोप नीट लागत नाही.

---

पगारपत्रक

आकडे बरोबर आहेत. तुम्ही जे केलंत तेच बहुतेक कारखाने करतात: १८-१९ वर थांबायचं आणि ओव्हरटाइमने ओढायचं. मस्टर बघितलं की मला लगेच कळतं. माणसं वर्षानुवर्षं १९, आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर मात्र दर महिन्याला जाड होत जातं.

आता तुमच्या हिशोबाची दुसरी बाजू. १,३०,१५८ मधून ६१,६०५ वजा करा. उरतात ६८,५५३. हा तुमच्या पायरीचा खर्च, आणि तो जुन्या १८ जणांमुळे आहे, नव्यांमुळे नाही. तीन नव्यांवर वाटला तर प्रत्येकी जवळपास २२,८५०. पण पुढच्या दोन वर्षांत तुम्ही १२ जण घेणार असाल, तर प्रत्येकी ५,७०० च्या आसपास. म्हणून २१ वर थांबायचं असेल तर ही पायरी चढू नका, असं मीही म्हणेन. ३० वर जायचं असेल तर ती आज चढा, कारण उशीर केल्याने खर्च कमी होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं १५ वर आली तरी तो सुटत नाही. मंदी आली म्हणून खाली उतरता येणार नाही.

भरपाईचे ३२,४०० एकदम द्यायची गरज नाही. तुमच्याकडे वार्षिक वाढ साधारण किती असते?

---

शिरोलीकर

१,२०० च्या आसपास. एप्रिलला.

---

पगारपत्रक

मग पीएफ एप्रिलमध्येच लागू होईल असं बघा. १,२०० ची वाढ ठरलेलीच आहे, तिच्यात ६०० घाला, हातपगार जिथल्या तिथे राहील. तुमचा जादा खर्च १८ × ६०० म्हणजे १०,८०० वर येतो. वाढ मूळ पगारात गेली तरी चालेल, पीएफ १५,००० पर्यंतच्या पगारावर धरला की पुरतो, १,८०० च्या पुढे जात नाही. पण हे गुपचूप करू नका. प्रत्येकाला बसवून जुनी आणि नवी पगारचिठ्ठी शेजारी ठेवून दाखवा. "यंदा हातात वाढ नाही, पण खात्यात महिन्याला २,३५० जमा होतील" हे मालकाच्या तोंडून यायला हवं. ओम म्हणतो तसं, यंदाची वाढ त्यांनी सोडलेलीच आहे. ते कबूल करा.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं आधार, जन्मतारीख आणि जुना पीएफ नंबर जुळवून घ्या. ते नीट असेल तरच माणूस त्या पैशाला स्वतःचा समजतो.

---

लघुउद्योजक

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. १८ लाखांचा आकडा बघून पोटात गोळा आला. पण एक विचारायचंय. मूळ पगार १५,००० च्या वर दाखवला तर पीएफ लागतच नाही ना? मग सगळ्यांना १५,१०० करा, प्रश्न मिटला.

---

पगारपत्रक

अर्धं बरोबर. रुजू होताना मूळ पगार अधिक महागाई भत्ता १५,००० च्या वर असेल आणि तो माणूस आधी कधी पीएफचा सभासद नसेल, तरच त्याला बाहेर ठेवता येतं, तेही त्याचं घोषणापत्र घेऊन. ओमसारखा चार कंपन्या फिरलेला मुलगा सभासदच असतो, त्याला पगार कितीही असला तरी घ्यावंच लागतं. शिरोलीला येणारी बहुतेक अनुभवी पोरं अशीच असतात.

उलटी युक्तीही चालत नाही, म्हणजे मूळ पगार ६,००० आणि बाकी "विशेष भत्ता". सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ पगारातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या, त्यात भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात. शिरोलीकरांची १५ आणि ३ ची विभागणी या सगळ्यात स्वच्छ आहे.

---

भाऊसाहेब_निफाड

आता मला समजलं. पेपरात वाचलं होतं की नवीन माणूस घेतला तर सरकार मालकाला पैसे देतं. ते यात बसत नाही का?

---

पगारपत्रक

चांगली आठवण केलीत, भाऊसाहेब. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मधल्या भरतीसाठी. १०,००० ते २०,००० पीएफ-पगाराच्या जादा माणसामागे मालकाला महिन्याला २,०००, दोन वर्षं, कारखान्यांना चार वर्षं. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकायला हवीत. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या मुलालाही दोन हप्त्यांत १५,००० पर्यंत मिळतात.

पण हे पैसे वाढलेल्या माणसांवर मिळतात, जुन्या १८ जणांवर नाही. तुमची पायरी त्यांच्यामुळे आहे. शिवाय तुमच्यासारख्या नव्याने पीएफमध्ये येणाऱ्या कारखान्याची मूळ संख्या किती धरली जाते, ते नोंदणीच्या वेळी लेखी विचारून घ्या आणि मगच हे पैसे हिशोबात धरा.

---

खडूफळा

माझं मत थोडं वेगळं आहे, ते मांडतो. २० ची पायरीच चूक आहे. अनुदानाने तिच्यावर गालिचा टाकून उपयोग नाही. पहिल्या माणसापासून कमी दराने सुरुवात करून माणसं वाढतील तसा दर वाढवत नेला, तर १९ वर कोणी थांबणार नाही.

---

पगारपत्रक

सर, पहिल्या माणसापासून म्हणजे भाजीवाल्याच्या गाड्यावरच्या पोराचंही दरमहा विवरण भरायचं. ते भरणार कोण? प्रशासकीय खर्चालाच महिन्याला किमान ५०० ची अट आहे. दोन माणसांच्या दुकानाला ते वर्गणीपेक्षा जड जातं. पायरी वाईट आहे हे मान्य, पण ती खाली सरकवली तर तिथेही गर्दी होईलच.

---

खडूफळा

यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही, पण मुद्दा विचार करायला लावणारा आहे.

---

ओम_सीएनसी

शिरोलीकर काका, एक सांगतो. ज्या कंपनीत साहेबांनी चिठ्ठी समोर ठेवून समजावलं, तिथे मी सगळ्यात जास्त टिकलो, अडीच वर्षं. पैसे अडकले ते दुसऱ्या दोन ठिकाणचे. तुमच्याकडची माणसं ऐकतील. ज्याच्या बोटाला लागलं त्याला आधी बोलवा.

---

शिरोलीकर

ओम, त्यालाच आधी बोलावलं. आज दुपारी. तो म्हणाला, "वाढ यंदा नको, पण ओव्हरटाइम बंद झाला तर माझे सहा हजार जातात, त्याचं काय?" हे माझ्या हिशोबात नव्हतंच. तीन महिन्यांत त्या पैशावर त्याने गाडीचा हप्ता लावलाय.

वडिलांशीही बोललो. त्यांनी एकच विचारलं, मोठी कंपनी व्हेंडर करून घेताना पीएफची चलनं मागते ना? मागते. मागच्या वर्षी एका ऑर्डरची बोलणी त्यामुळेच पुढे गेली नाहीत. ती ऑर्डर आली असती तर सहा माणसं लागली असती.

म्हणजे ताई म्हणतात ते १२ जण ही अगदीच हवेतली गोष्ट नाही. एप्रिलला पीएफ घ्यायचा, दोन पोरं लगेच घ्यायची, तिसरा जुलैत, आणि ओव्हरटाइम एकदम बंद न करता महिन्याला १५ तासांवर आणायचा, असं सध्या कागदावर आहे. १५ तासांचा आकडा बरोबर बसतो का, ते उद्या सुपरवायझरबरोबर बसून बघतो.

ताई, जन्मतारीख जुळवायला १८ जणांची आधार कार्डं मागवलीत. पहिल्या सात जणांतच दोघांची चूक निघाली. संयुक्त घोषणापत्र नवीन नंबर काढण्याआधी भरायचं की नंतर?

---

पगारपत्रक

आधी विचारा की त्या दोघांचा जुना पीएफ नंबर आहे का. नसेल तर आधारच दुरुस्त करून घ्या आणि मग नंबर काढा, घोषणापत्राची गरजच पडणार नाही. असेल तर कुठली तारीख खरी ते शाळेच्या दाखल्यावरून ठरवा, आधार तसं करा, मग तुमच्या लॉगिनमधून घोषणापत्र. दाखले मागवून ठेवा.